आता शांत झोप

"दोन ओळी. फक्त दोन ओळी द्या मला. मेलेल्या माणसाला त्यात असा उभा करतो की घरचे म्हणतात, हा एवढा चांगला होता हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही!"

असं मजकूर दुपारच्या चहाला छाती काढून सांगत होता, आणि त्याच दिवशी संध्याकाळच्या आत त्याने दोन ओळींत एक जिवंत माणूस आडवा केला.

मजकूर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. एका दैनिकाच्या छोट्या जाहिरातींच्या खिडकीवर तो बसायचा. कोणी नाव बदलल्याचं जाहीर करायला यायचं, कोणाचं कुत्रं हरवलेलं असायचं, पण बहुतेकांच्या घरचं कोणीतरी गेलेलं असायचं. माणूस खिडकीत रडायचा, आणि हा आत बसून पिवळ्या चिठ्ठीवरच्या छापील चौकोनांत एकेक शब्द बसवायचा. चौकोन वाढले की दर वाढायचा. त्यामुळे दुसऱ्याच्या दुःखातून जास्तीचे शब्द उपटायची त्याला सवय जडली होती. 'अत्यंत' जायचं, 'आकस्मिक' जायचं, 'आम्हा सर्वांचे' तर पहिल्या झटक्यात जायचं. पुढेपुढे त्याला त्या चिठ्ठीशिवाय काही सुचेनासं झालं. बायको म्हणायची, "तुमची प्रेमपत्रं मी चौकोनांत वाचलीयेत. एकात तर 'तुझा' शब्द कापला होतात."

चहाचा कप खाली ठेवतोय तोच ताईचा फोन आला. ताई म्हणजे त्याच्या जिवलग मित्राची थोरली बहीण.

"निकाल लागला," ती म्हणाली. "तो नापास झालाय."

या मित्राला सगळे टोटल म्हणायचे. लहानपणापासून दिसेल त्याची बेरीज करायचा: जिन्याच्या पायऱ्यांची, बसच्या तिकिटावरच्या आकड्यांची, पाहुण्यांच्या वयांची. असा माणूस हिशेबनीस होणार नाही तर काय होणार? एका हिशेब तपासणाऱ्या फर्ममध्ये तो शिकाऊ म्हणून लागला आणि सनदेच्या परीक्षेला बसायला लागला. ती परीक्षा मुळातच खवचट आहे. प्रत्येक पेपरात पास होऊन भागत नाही. सगळ्या पेपरांची बेरीजही निम्म्यावर जावी लागते. टोटल दोनदा पेपरात गेला होता. या वेळी चारही पेपर सुटले, आणि बेरीज तीन गुणांनी कमी पडली. टोटल टोटलमध्ये नापास झाला. कोणी दुसरा असता तर त्यावर तो स्वतःच आठवडाभर हसला असता.

"सकाळपासून खोली बंद करून बसलाय," ताई म्हणाली. "आत पाणीसुद्धा नेलेलं नाही. हाक मारली तर ओ देत नाही. फक्त फोनचा टिंग-टिंग आवाज येतो, म्हणजे मेसेज वाचतोय. आणि मेसेज कसले येतायत माहितीये? मामांनी कोळ्याची गोष्ट पाठवलीये. तो भिंतीवर पडत पडत चढतो ती. अरे, त्याला कोळ्यांची भीती वाटते! साहेबांनी 'उद्या भेट' एवढंच लिहिलंय. आणि त्याच्या क्लासवाल्यांनी 'अभिनंदन, आपला निकाल लागला, पुढच्या बॅचसाठी आजच नाव नोंदवा.'"

"मग आता?"

"तुझं तो वाचेल. दोन ओळी लिही. छोट्या. उपदेश नको."  मग ती हळूच म्हणाली, "त्याच्या खिडकीला गज नाहीयेत रे. तिसरा मजला आहे."

मजकूरने पिवळी चिठ्ठी ओढली, वर 'टोटलसाठी' असं लिहिलं आणि पेन उघडलं.

हे काम सोपं नव्हतं, आणि मजकूर काही मूर्ख नव्हता. 'परीक्षा म्हणजे आयुष्य नव्हे' असं आधी लिहिलं आणि लगेच खोडलं, कारण हे वाक्य फक्त पास झालेले लोकच म्हणतात. 'पुढच्या वेळी नक्की' हेही खोडलं. आज पडलेल्या माणसाला पुढची तारीख देणं म्हणजे समन्स बजावणं. 'फक्त तीन गुणांनी' यातला 'फक्त' बघून त्याला स्वतःलाच शरम वाटली. टोटल त्या तीन गुणांवर सकाळपासून डोकं आपटत असणार, त्याला ते किती मोठे आहेत हे सांगायची गरज नव्हती. 'मी समजू शकतो' हे तर साफ खोटं होतं. मजकूरने शाळा सुटल्यापासून एकही परीक्षा दिली नव्हती.

शेवटी चिठ्ठीवर उरलं ते असं: 'अरे, वाईट झालं. तू खूप झुंजलास. किती रात्री जागलास. आता दोन दिवस शांत झोप. उठलास की फोन कर. आम्ही सगळे आहोत.'

इथे थांबला असता तर ही गोष्टच घडली नसती. पण वर्षानुवर्षांचा हात. 'अरे' कशाला? गेलं. 'तू' कळतंच आहे. गेलं. रात्री जागल्याचा तपशील कोणी वाचत नाही, गेला. 'दोन दिवस' हे मुदत घातल्यासारखं वाटत होतं. आणि 'उठलास की फोन कर' वर तर पेन आपोआपच फिरलं, कारण त्याच्या धंद्यात उठून फोन करणारं गिऱ्हाईक आजवर आलंच नव्हतं.

'वाईट झालं. खूप झुंजलास. आता शांत झोप. आम्ही सगळे आहोत.'

त्याने ते फोनवर टिपलं, पाठवलं, आणि खुर्चीत मागे रेलला. मेसेजखाली दोन निळ्या खुणा उमटल्या. वाचलं होतं.

तेवढ्यात प्रूफं तपासणाऱ्या बाई डोळ्यांत थेंब घालायला घरी निघाल्या होत्या, त्या त्याच्या टेबलापाशी थांबल्या. चिठ्ठीवर नजर गेली आणि त्यांनी चष्मा काढला.

"अरेरे. कोण गेलं हो?"

"कोणी नाही गेलं. मित्राला लिहिलंय. परीक्षेत नापास झालाय."

"मग झोपवलंत कशाला त्याला?" बाईंनी चिठ्ठी उचलली आणि शोकसंदेश तपासायच्या त्यांच्या ठरलेल्या सुरात वाचली. "'खूप झुंजलास. आता शांत झोप.' हे आपण कॅन्सरवाल्यांना देतो ना?"

 मजकूरने घाईघाईने फोन काढला आणि मेसेज दोन्हीकडून पुसून टाकला. त्याच्या जागी 'हा संदेश काढून टाकण्यात आला आहे' अशी पाटी येऊन बसली.

"आता त्याला वाटेल, सांत्वनसुद्धा परत घेतलं," बाई म्हणाल्या, चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि गेल्या.

 काहीतरी लगेच पाठवायला हवं होतं, चिठ्ठीबिठ्ठी न घेता. मजकूरने लिहिलं: 'तसं नाही रे, झोप म्हणजे तसं नव्हे. ऊठ.' आणि पाठवून झाल्यावर वाचलं. घाईत बोट सरकलं होतं. शेवटचा शब्द 'उड' असा गेला होता.

निळ्या खुणा लगेच उमटल्या.

त्याने फोन लावला. टोटलने फोन बंद केला होता.

मजकूर पळाला. टेबलावर चिठ्ठी तशीच उताणी पडली होती, खिडकीत एक बाई हरवलेल्या मांजराचा फोटो धरून उभी होती. तो जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत गेला, रस्त्यात एका सायकलवाल्याच्या शिव्या खाल्ल्या, आणि ताईच्या इमारतीपाशी पोचल्यावर आधी मान वर करून न बघता खाली फरशीकडे बघितलं. फरशी रिकामी होती. एवढं पाहून तो तिथेच कोपऱ्यात ओकला.

ताईने दार उघडलं. "काय लिहिलंस रे? मला वाटतं आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला."

"नंतर सांगतो."

टोटलच्या खोलीचं दार बंद होतं. मजकूरने ठोठावलं, हाक मारली, "टोट्या!" म्हणाला, "लेका!" म्हणाला.  तोंडी बोलायची त्याला सवयच नव्हती. एवढं झाल्यावर शब्द संपले. मग तो दारापाशी खाली बसला, खिशातून कोऱ्या पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला आणि एकीवर लिहिलं: 'मी बाहेर बसलोय. काही बोलणार नाही.' दाराखालच्या फटीतून सरकवली. ती आतल्या पायपुसण्याला अडकली. त्याने ताईची फूटपट्टी मागून घेतली आणि ढकलली.

ताई दाराला कान लावून उभी राहिली. मग चिठ्ठी बाहेर आली. त्यावर लाल पेनाने लिहिलं होतं: 'उड म्हणजे?'

मजकूरने लिहिलं: 'ऊठ. बोट सरकलं. गाढव आहे मी.'

चिठ्ठी परत आली. 'मान्य.'

"काय म्हणतोय? काय म्हणतोय?" ताई कानाशी कुजबुजली.

"मला गाढव म्हणाला."

"देवा," ताई म्हणाली आणि भिंतीला टेकली.

मजकूरने आणखी काही लिहिलं नाही. उगाच काहीतरी लिहावं असं त्याला दर मिनिटाला वाटत होतं, आणि दर मिनिटाला पेन उघडून तो ते परत बंद करत होता. आता जायचे तेवढे शब्द गेले होते. बऱ्याच वेळाने त्याने एकच शब्द सरकवला: 'भूक?'

'नाही.'

मग आणखी काही वेळाने न विचारता एक चिठ्ठी आली: 'अंडं चालेल.'

ती वाचून ताई स्वयंपाकघरात गेली आणि अंडी फोडता फोडता एवढ्या मोठ्याने रडली की दोन अंडी ओट्यावरच फुटली.

दार उघडलं तेव्हा बाहेर अजून उजेड होता. टोटल कालच्याच कपड्यांत होता. त्याच्यामागे खिडकी सताड उघडी होती आणि खिडकीखाली खुर्ची होती. कोणी काही विचारलं नाही. ताई आत गेली, खुर्ची उचलून बाहेर आणली, आणि तो खात असताना तिच्यावर बसून राहिली. उठायलाच तयार नव्हती.

"चारही पेपर सुटले," टोटल तोंडात घास घेऊन म्हणाला. "बेरजेत गेलो. मी! बेरजेत!"

मजकूरने मीठ पुढे सरकवलं.

"काही म्हणत का नाहीस?"

"लिहून दिलंय, बोलणार नाही म्हणून."

 टोटलने फोन चालू केला. "उद्यापर्यंत फेरमोजणीचा अर्ज घेतात," तो म्हणाला. "पेपर परत तपासत नाहीत. फक्त कुठलं उत्तर तपासायचं राहिलंय का आणि बेरीज बरोबर आहे का, एवढंच बघतात. हजारात एखाद्याचं काही निघतं. सकाळी विचार केला, कशाला? त्यांची बेरीज चुकेल कशी?" त्याने बशी बाजूला केली. "पण कोणीतरी 'ऊठ' लिहायला जाऊन 'उड' लिहितो. म्हणजे चुकतात लोक."

त्याने तिथेच बसून अर्ज भरला. ताईने पहिल्यांदा खुर्ची सोडली.

मजकूर घरी जाऊन झोपला, आणि इकडे दैनिकाच्या ऑफिसात पानवाला कामाला लागला. हा विडे विकणारा पानवाला नव्हे. हा पेपरची पानं लावायचा. टोटलच्या मामांनी निकालाच्या आधीच जाहिरातीची जागा आरक्षित करून ठेवली होती: लाडक्या भाच्याचा टाय लावलेला फोटो, पूर्ण नाव आणि खाली 'हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक: मामा व परिवार'. निकाल कळल्यावर मामांनी फोन करून जाहिरात रद्द करायला सांगितलं होतं. पण दैनिकाचा नियम असा की पैसे परत मिळत नाहीत, आतला मजकूर तेवढा बदलून मिळतो. बदललेला मजकूर शोधायला पानवाल्याने मजकूरचं टेबल बघितलं. तिथे पिवळी चिठ्ठी होती, वर 'टोटलसाठी' लिहिलेली. टोटल कोण हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं, रोज चहाला यायचा. पानवाल्याने चार वाक्यं वाचली, मान हलवली, म्हणाला, "तरणाताठा पोरगा," आणि काळी चौकट टाकली. 'शुभेच्छुक' काढून 'शोकाकुल' घातलं. दोन्ही शब्द तेवढ्याच जागेत बसले, याचं त्याला कामाच्या दृष्टीने समाधान वाटलं.

सकाळी बेल वाजली तेव्हा ताई दमून झोपली होती, म्हणून दार टोटलनेच उघडलं. शेजारच्या काकू झाकलेलं पातेलं घेऊन उभ्या होत्या. "ताई आहे का? फार वाईट झालं हो," एवढं बोलून त्यांनी वर बघितलं. पातेलं टोटलच्या पायावर पडलं. काकूंना पाणी पाजेपर्यंत खालच्या मजल्यावरचे आले, मग क्लासचे सर आले, मग मामा आले. मामा रडत होते आणि चिडलेही होते. "माझ्या जाहिरातीत मला न विचारता भाच्याला मारलात? निदान कळवायचं तरी!"

"मामा, मी इथे आहे," टोटल लंगडत पुढे आला.

मामांनी त्याला मिठी मारली आणि मग मिठीतच एक थोबाडीत दिली.

लोक येतच राहिले. त्यातले निम्मे पुढच्या खोलीत बसले, आणि ताई एकेकाला समजावत असताना टोटल स्वयंपाकघरात पाय गार पाण्यात घालून बसला. बाहेर कोणीतरी म्हणत होतं, "काय हुशार होता!" दुसरं म्हणालं, "पास झाला होता ना?" "तर! पहिल्याच फटक्यात." "अशाच माणसांना आधी नेतो वरचा."

मजकूर धापा टाकत आला तेव्हा टोटलच्या मांडीवर पेपर उघडा होता. मजकूरने हात जोडले. 

"बस," टोटल म्हणाला. "चांगलं लिहिलंयस."

"अरे, मी..."

"कालपासून आलेल्यातला हा एकच धड मेसेज. यात परीक्षा नाही, कोळी नाही, पुढची वेळ नाही." त्याने परत वाचलं, 'खूप झुंजलास,' आणि हसायला लागला. हसता हसता त्याचा पाय बादलीतून बाहेर आला, बादली कलंडली, तो रडायला लागला, आणि मजकूर ओल्या फरशीवर त्याच्याशेजारी बसून राहिला. बाहेर क्लासचे सर लोकांना सांगत होते की तो त्यांच्या बॅचचा होता.

"मी परत देणार आहे," टोटल शेवटी म्हणाला. "फेरमोजणीत काही निघालं नाही तर परत बसणार. मेलोय तर मेलोय, आता आणखी काय होणार?"

आणखी पुष्कळ व्हायचं होतं. दुपारी तो लंगडत फर्ममध्ये गेला, तर त्याच्या टेबलापाशी एक नवीन मुलगी बसली होती. साहेब कॅबिनमधून बाहेर आले, त्याला बघून पांढरे पडले, आणि मग जरा नाराजच झाले.

"अरे, तुझं सगळं करून टाकलं मी."

"काय करून टाकलंत?"

"शिकाऊ उमेदवार गेला तर परीक्षा मंडळाला कळवावं लागतं. नाहीतर जागा अडकून राहते. सकाळी साडेनऊलाच कळवलं." साहेबांनी हे जरा अभिमानाने सांगितलं. टोटलचा रजेचा अर्ज त्यांच्या टेबलावर गेल्या वर्षापासून सहीसाठी पडला होता. "आणि हिला घेतलं. हिचीही कागदपत्रं गेली. बैस की, चहा घे."

परीक्षा मंडळाच्या खिडकीवरच्या बाईंनी त्याचा नोंदणी क्रमांक टाकला आणि म्हणाल्या, "उमेदवार मयत. नोंदणी बंद."

"मी समोर उभा आहे."

"ते दिसतंय मला. पण तुमच्या साहेबांचं पत्र आहे ना. तुम्ही जिवंत आहात असं पत्र त्यांच्याकडूनच आणा."

साहेब म्हणाले, तसं पत्र दिलं तर एका जागेवर दोन शिकाऊ दिसतील, मग त्यांची चौकशी लागेल, जरा थांब. टोटल थांबला. मजकूरला जाहिरातींच्या खिडकीवरून उठवून लिलावाच्या नोटिसांवर बसवलं. दैनिकाने आतल्या पानावर दिलगिरी छापली. मामांनी त्या निमित्ताने जाहिरातीचे पैसे परत मागून बघितले.

टोटल रोज संध्याकाळी मजकूरकडे यायचा, पुस्तकं घेऊन. मजकूर शेजारी बसून नोटिसा तपासायचा. कोणी कोणाला धीर देत नव्हतं. ताईने खिडकीला गज बसवून घेतले.

महिन्याभराने फेरमोजणीचा निकाल आला. तिसऱ्या पेपरातल्या एका उत्तराचे चार गुण परीक्षकाने आतल्या पानावर दिले होते आणि वरच्या बेरजेत धरायचे विसरला होता. बेरीज निम्म्याच्या वर एकाने गेली. टोटल पास होता, पहिल्यापासून.

नोंदणी बंद असल्यामुळे सनद मरणोत्तर म्हणून निघाली आणि सही घेऊन ताईच्या हातात देण्यात आली. मरणोत्तर सनदेवर काम करता येत नाही, आणि एका क्रमांकावर दुसरी सनद निघत नाही, असं खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं, आणि त्याला पहिल्या पेपरापासून नवीन नोंदणीचा अर्ज दिला.